‘डाय नही, तेलच लावस’

पार्लरचं काम शिकायला अमळनेरला होते तेव्हाची गोष्ट. लग्नसराई सुरू होती. मुलाच्या हळदीआधी हायलाइट्स करून घ्यायला एक काकू आल्या. मी रीतसर विचारलं, "केसांना डाय लावता का?" त्या म्हणाल्या, "डाय नही व माय, तेलच लावस मी." मी निर्धास्त ब्लीच कालवलं आणि पहिली बट फॉइलमध्ये गुंडाळली.

पाचेक मिनिटांत फॉइल हाताला चटका बसेल इतकी तापली. उघडली तर ब्लीच फसफसत होतं आणि बट ओढताच चघळलेल्या च्युइंगमसारखी ताणली जाऊन हातात आली. नशीब, एकच बट होती.

ते ‘तेल’ म्हणजे रोज थोडं थोडं लावून पांढरे केस हळूहळू काळे करणारं पाणी. अशा जुन्या रंगांत शिसं, चांदी, बिस्मथ, क्वचित तांबं अशा धातूंचे क्षार असतात. गंधक आणि हवा यांच्याशी संयोग होऊन केसावर धातूचा काळा थर चढतो. नेहमीचा डाय काय किंवा ब्लीच काय, दोन्हींत पेरॉक्साइड असतं. एरवी ते सावकाश काम करतं. पण तांब्यासारखा धातू भेटला की भराभर फुटतं, उष्णता सुटते आणि केस आतून तुटतो. चांदीचं उलट आहे: तिचा थर पेरॉक्साइडला आत शिरूच देत नाही, म्हणून रंग हलत नाही.

म्हणून आता मी "डाय लावता का?" एवढ्यावर थांबत नाही. "रोज लावता आणि आठवड्या-दोन आठवड्यांत काळे होत गेले, असं काही आहे का?" असं विचारते. बाटली मागवून लेड असिटेट, सिल्व्हर नायट्रेट, बिस्मथ सायट्रेट ही नावं शोधते. केस मातकट, निस्तेज आणि हाताला खरखरीत लागले, तर बाटलीवर काहीही लिहिलेलं असो, चाचणी करतेच. काही तयार ‘मेहंदी’तही हे क्षार मिसळलेले असतात.

चाचणीसाठी मानेजवळचे वीसेक केस कापून दोऱ्याने बांधायचे. मुळाकडचा नवा, न रंगलेला भाग घेऊन उपयोग नाही, रंगलेलं टोकच हवं. काचेच्या वाटीत (स्टीलची नको) ३० मिली २० व्हॉल्यूमचं पेरॉक्साइड डेव्हलपर आणि २८ टक्के अमोनियाचे २० थेंब घालून केस ३० मिनिटं बुडवायचे. हातमोजे घालायचे, खिडकी उघडी ठेवायची. वाटी तापली, बुडबुडे उसळले, उग्र वास सुटला किंवा केस तुटायला लागले तर तांबं समजायचं. केस लगेच फिके पडले तर शिसं. अर्ध्या तासात जराही फरक नाही तर बहुधा चांदी. यातलं काहीही दिसलं तर ब्लीच नाही आणि पेरॉक्साइडचा डायही नाही.

शॅम्पूने तो थर भरवशाने निघत नाही. रंगलेला भाग वाढत्या केसाबरोबर कापत जायचा, आणि केस महिन्याला जेमतेम सव्वा सेंटिमीटर वाढतो. त्या काकूंना मी तेच सांगितलं. हळदीला त्यांनी अंबाडा घातला आणि तुटलेली बट गजऱ्याखाली लपवली.