डी-डायमरचा रिपोर्ट आणि ११२ टक्के शक्यता: या चुका टाळा

एका रेसिडेंटने केस पेपरच्या मागे लिहिलं होतं: ७०% × १.६ = ११२%. पायाच्या खोल शिरेत गुठळी असल्याचा दाट संशय, डी-डायमर ही रक्ततपासणी पॉझिटिव्ह, पॉझिटिव्ह रिपोर्टचा लाइकलीहूड रेशो १.६, म्हणजे गुठळी असलेल्यांत असा रिपोर्ट नसलेल्यांच्या १.६ पट वेळा येतो. शक्यता शंभराच्या वर गेली म्हणून चूक लगेच दिसली. पण मूळ संशय ३०% असता, तर उत्तर ४८% आलं असतं आणि कोणालाच खटकलं नसतं. खरं उत्तर ४१% आहे.

लाइकलीहूड रेशोने गुणायचं ते ऑड्सना, टक्क्यांना नाही. ७०% म्हणजे शंभरातल्या सत्तर जणांना गुठळी, तिसांना नाही. ऑड्स ७० भागिले ३०, म्हणजे २.३३. त्याला १.६ ने गुणलं की ३.७३. इथे थांबू नका, हे अजून ऑड्सच आहेत. टक्क्यांत आणायला ३.७३ ला ४.७३ ने भागा: ७९%. संशय ५% इतका कमी असेल तर टक्के आणि ऑड्स जवळजवळ सारखेच असतात, त्यामुळे चुकीची रीतही बरोबर उत्तर देते. सवय तिथेच बिघडते.

हा १.६ कुठून आला? डी-डायमरची सेन्सिटिव्हिटी साधारण ९५% आणि स्पेसिफिसिटी ४०% धरली, तर गुठळी असलेल्या शंभरांत ९५ आणि नसलेल्या शंभरांत ६० जण पॉझिटिव्ह येतात. ९५ भागिले ६०. निगेटिव्ह रिपोर्टसाठी ५ भागिले ४०, म्हणजे ०.१२५. निगेटिव्ह आला की १.६ उलटा करून वापरणारेही मी पाहिलेत. तो आकडा ०.६३ येतो आणि टेस्टचा सगळा जोर वाया जातो.

माझ्या मते सगळ्यात घातक चूक वेगळीच आहे: मूळ शक्यता न बघता, फक्त निगेटिव्ह आला म्हणून पायाची डॉपलर सोनोग्राफी न करता पेशंटला घरी पाठवणं. लक्षणं आणि तपासणीवरून काढलेल्या वेल्स स्कोअरनुसार शक्यता ५% असेल तर निगेटिव्ह रिपोर्टनंतर ती एका टक्क्याच्याही खाली जाते, घरी पाठवा. पण स्कोअर जास्त असून शक्यता ५०% असेल, तर ऑड्स एकास एकवरून एकास आठ होतात, म्हणजे ११%. नवातल्या एकाला अजून गुठळी आहे. डॉपलर हवाच.

पोटरीची सूज वेल्स स्कोअरमध्ये एकदा मोजली गेलेली असते. तिचा वेगळा रेशो शोधून पुन्हा गुणलंत, तर तोच पुरावा दोनदा धरला जातो.

गरोदरपणात किंवा नुकतंच ऑपरेशन झालेलं असेल तर गुठळी नसतानाही डी-डायमर वाढतो. नसलेल्या शंभरांत ६० ऐवजी ८५ जण पॉझिटिव्ह यायला लागले, तर रेशो १.१ वर येतो आणि रिपोर्टने शक्यता जवळजवळ हलत नाही. अशा पेशंटला मी सरळ डॉपलरला पाठवतो.