विषय आटले तेव्हा प्रश्न जमवले

रेसिपी चॅनल चालवताना मध्यंतरी कॅमेरा लावणंही नकोसं झालं होतं. शूटिंग थांबवलं आणि जुन्या व्हिडिओंखालचे प्रश्न तेवढे एका शीटमध्ये उतरवत गेले, विचारणाऱ्यांच्याच शब्दांत. ‘चकली तेलात विरघळते, काय करू?’ यातूनच तीन विषय निघाले: मोहन जास्त झालं तर काय होतं, पीठ किती घट्ट मळायचं, आणि बिघडलेलं पीठ कोरडी भाजणी घालून कसं सावरायचं. नुसतं ‘चकली’ लिहिलं असतं, तर महिन्याभराने त्यातून काहीच सुचलं नसतं.

प्रत्येक प्रश्नापुढे महिनाही लिहिते. फराळाचं शूटिंग गणपती उठले की लगेच उरकते, कारण दिवाळीच्या आठवड्यात टाकलेला व्हिडिओ दिसेपर्यंत अनेकींच्या चकल्या तळून झालेल्या असतात.