जुन्या गाडीचं तेल-पाणी तपासताना या चुका टाळा

गाडी थांबवली, बोनेट उघडलं, पट्टी ओढली आणि लगेच कॅन ओतला. ही घाई पाहून मी कंटाळलोय. इंजिन चालू असताना ऑइल वरपर्यंत चढलेलं असतं. बंद केल्यावर ते खाली चेंबरमध्ये उतरायला पाच-दहा मिनिटं लागतात, तोवर पट्टी कमीच दाखवणार.

दारव्ह्याकडच्या एका निवृत्त गुरुजींची जुनी मारुती ८०० माझ्याकडे येते. मागच्या सुट्टीत नातवाला शिकवायचं म्हणून त्यांनी गाडी अंगणात, उतारावर लावली आणि पोरानं लगेच पट्टी काढली.

“आबा, ऑइल तं खालच्या खुणेच्याही खाली हाय!”

गुरुजी चष्मा शोधायला घरात गेले, तेवढ्यात पठ्ठ्यानं अर्धा लिटर ओतलंसुद्धा. दुसऱ्या दिवशी सायलेन्सरमधून निळसर धूर. माझ्याकडे आणली तेव्हा सपाट जागेवर पट्टी वरच्या खुणेच्या बोटभर वर ओली होती. ऑइल जास्त झालं की क्रँक त्यात आपटतो, फेस होतो आणि फेसाळलेलं ऑइल धड वंगण देत नाही. लोकांना वाटतं, जास्त असलं तर बरंच. खालचा बोल्ट सैल करून थोडं थोडं काढलं, दर वेळी थांबून पट्टी पाहिली.

मग गुरुजींनी पोराला पुन्हा उभं केलं. “आता सांग, आधी काय करशील?”

“पट्टी पुसीन. मंग पुरी आत घालीन, मंग काढून पाहीन.”

“आन् गाडी?”

“सपाट जागेवर.”

मी स्वतः सकाळी, गाडी सुरू करायच्या आधीच पाहतो. थांबायची कटकटच नाही. दोन खुणांच्या मध्ये असेल तर कॅनला हात लावत नाही.

पाण्याचंही तसंच. बाजूची टाकी भरलेली दिसली की लोक निश्चिंत होतात. पण टाकीकडे जाणारी नळी चिरलेली असेल किंवा झाकणाचं रबर गेलेलं असेल, तर थंड होताना रेडिएटर टाकीतलं पाणी परत ओढूच शकत नाही. टाकी भरलेली आणि रेडिएटर रिकामा! म्हणून जुन्या गाडीत थंड इंजिनावर रेडिएटरचंच झाकण उघडून बघा. गरम असताना उघडलंत तर दाबाखालचं पाणी तोंडावर येतं. मे महिन्यात तर दुपारी उभ्या गाडीचं इंजिनही लवकर निवत नाही. विहिरीचं पाणी ओतू नका, आत क्षार बसतात. कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं घाला.

ब्रेक ऑइल कमी दिसलं म्हणून भरू नका, आधी पॅड बघा. पॅड झिजले की पातळी उतरतेच. आणि ते वरपर्यंत भरून ठेवलं, तर नवे पॅड बसवताना पिस्टन मागे दाबल्यावर ऑइल सांडतं आणि रंग खातं.