दुसरीच्या वर्गात आभारपत्र: तासिकेपूर्वीची तयारी

पत्र कोणाला लिहायचे हे सर्वांत आधी ठरवावे, कारण पुढची सगळी तयारी त्यावर अवलंबून असते. संपूर्ण वर्गाने पहिले पत्र एकाच व्यक्तीला लिहावे आणि ती व्यक्ती मुलांना रोज दिसणारी असावी. जिल्हा परिषदेच्या शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या मावशी यासाठी योग्य ठरतात. प्रत्येक मुलाचा त्यांच्याशी रोजचा संबंध असतो आणि प्रत्येकाजवळ त्यांच्याविषयी सांगण्यासारखे थोडे वेगळे काहीतरी असते. सैनिकाला किंवा शेतकऱ्याला पत्र लिहायला सांगितले, तर सात वर्षांच्या मुलाजवळ ऐकीव वाक्यांपलीकडे काही नसते. मग वर्गातली सगळी पत्रे एकसारखी येतात.

व्यक्ती ठरली की लेखनाच्या आदल्या दिवशी एक तासिका केवळ बोलण्यासाठी राखून ठेवावी. ‘मावशी कशा आहेत?’ असा प्रश्न विचारू नये, कारण त्याचे उत्तर ‘छान’ एवढेच येते. ‘मावशींनी तुझ्यासाठी काय केले, ते मला डोळ्यांसमोर दिसेल असे सांग’ असे म्हणावे. एखादा मुलगा ‘त्या छान जेवण देतात’ असे म्हणाला, तर ‘कोणते जेवण?’ आणि ‘तू पुन्हा मागितलेस तर काय करतात?’ हे दोन प्रश्न पुरतात. मग तो सांगतो की त्याला तिखट सोसत नाही, म्हणून मावशी त्याच्या ताटात मटकीच्या उसळीचा रस्सा घालत नाहीत, नुसती मटकी वाढतात. हे वाक्य मिळाले की त्याच्या पत्राचा गाभा तयार झाला. असे प्रत्येक मुलाचे एक वाक्य शिक्षकाने वहीत त्याच्या नावापुढे टिपून ठेवावे. दुसऱ्या दिवशी ‘काय लिहू?’ म्हणून बसून राहणाऱ्या मुलाला त्याचेच वाक्य परत देता येते.

त्यानंतर आराखडा तयार करावा, आणि सर्वांत जास्त काळजी येथेच घ्यावी लागते. मराठीत रिकाम्या जागा चुकीच्या ठिकाणी सोडल्या तर आराखडाच मुलांकडून चुका करवून घेतो. ‘तुम्ही मला ______ दिले’ अशी ओळ छापली, तर ‘पुस्तक’ लिहिणाऱ्याचे वाक्य जुळते. ‘खिचडी’ लिहिणाऱ्याचे ‘तुम्ही मला खिचडी दिले’ होते आणि ‘भात’ लिहिणाऱ्याचे ‘भात दिले’ होते. भूतकाळातले क्रियापद येथे दिलेल्या वस्तूप्रमाणे बदलते, म्हणून ते छापूच नये; कर्ता द्यावा आणि उरलेले सगळे वाक्य मुलावर सोडावे. हाच प्रश्न ‘मानतो’ आणि ‘मानते’ तसेच ‘तुमचा’ आणि ‘तुमची’ यांचाही आहे. दोन्ही रूपे छापून नको ते खोडायला सांगावे, अन्यथा वर्गातल्या निम्म्या मुली ‘तुमचा’ म्हणून सही करतात आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही. या दोन गोष्टी सांभाळल्या की आराखडा असा होतो:

(उजवीकडे) गाव: ______
दिनांक: ______
प्रिय ____________,
नमस्कार.
तुम्ही ______________________________.
त्यामुळे ______________________________.
मला आठवते, ______________________________.
म्हणून मी तुमचे आभार मानतो / मानते.
तुमचा / तुमची,
____________
इयत्ता दुसरी

पत्र हातोहात द्यायचे असल्यामुळे पत्ता आणि पिनकोड या इयत्तेत वगळावेत. ‘तीर्थस्वरूप’ आणि ‘साष्टांग नमस्कार’ हेही पुढच्या इयत्तांसाठी राहू द्यावेत, कारण ती जोडाक्षरे लिहिण्यातच मुलांची निम्मी शक्ती खर्च होते. घरी आईला आणि आजीला ‘तू’ म्हणणारी मुले पत्राच्या मध्येच ‘तू वाढतेस’ असे लिहितात. म्हणून या पत्रात सुरुवातीपासून शेवटपर्यंत ‘तुम्ही’ राहील, हे आधी तोंडी वाक्ये म्हणवून पक्के करावे.

नमुना पत्र तयार ठेवावे, पण ते मावशींना लिहिलेले नसावे. त्याच व्यक्तीला लिहिलेला नमुना फळ्यावर राहिला की मुले तो अक्षरशः उतरवून काढतात, आणि त्यात त्यांचा दोष नसतो. नमुना वेगळ्या व्यक्तीला लिहिलेला असला, तर घेण्यासारखी फक्त त्याची रचना उरते. शाळेची सहल नेणाऱ्या चालककाकांना लिहिलेले पुढील पत्र मोठ्या अक्षरांत तक्त्यावर लिहून ठेवता येईल:

नारायणगाव
दिनांक: १२ डिसेंबर २०२५
प्रिय चालककाका,
नमस्कार.
तुम्ही शिवनेरीच्या वळणांवर गाडी हळू चालवली.
त्यामुळे मला मळमळले नाही.
मला आठवते, माझी टोपी खाली पडली तेव्हा तुम्ही गाडी थांबवून ती शोधून दिली.
म्हणून मी तुमचे आभार मानते.
तुमची,
सई
इयत्ता दुसरी

तक्ता वाचून झाल्यावर ‘काकांनी काय केले?’, ‘त्याने सईचे काय झाले?’ आणि ‘तिला कोणता प्रसंग आठवला?’ असे विचारून त्या तीन ओळी मुलांनाच दाखवायला लावाव्यात. मुलांना ‘त्यामुळे’ची ओळ सर्वांत अवघड जाते. पुष्कळ मुले तेथे पहिलेच वाक्य थोडे फिरवून पुन्हा लिहितात: ‘तुम्ही खिचडी वाढता. त्यामुळे आम्हाला खिचडी मिळते.’ असे दिसले तर ‘खिचडी मिळाल्यावर तुझे काय होते?’ असे विचारावे. मग ‘त्यामुळे दुपारी माझे पोट दुखत नाही’ यासारखी ओळ येते. नमुना वाचून झाला की तक्ता गुंडाळून ठेवावा आणि मगच आराखड्याचे कागद वाटावेत.

कागद दुरेघी असावा आणि प्रत्येक रिकाम्या जागेला दोन ओळी द्याव्यात, कारण या वयात एका ओळीत चार-पाचच शब्द बसतात. जागा कमी पडली की मूल मजकूर कापते, आणि नेमका तपशीलच गळतो. लागणारे शब्द, म्हणजे मावशी, मटकी, उसळ, खिचडी, पातेले, वाढता, आभार, फळ्याच्या एका बाजूला लिहून ठेवावेत. कच्चे लेखन पेन्सिलीने आणि पक्के दुसऱ्या दिवशी स्वतंत्र कागदावर करून घ्यावे. दोन्ही एकाच तासिकेत उरकू नये. तपासताना मावशींचे संबोधन, ‘तुम्ही’ला जुळणारे क्रियापद आणि वाक्याच्या शेवटचा पूर्णविराम एवढेच दुरुस्त करावे. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका मोजायला घेतल्या, तर पुढच्या वेळी मुले लिहिता येणारेच शब्द शोधून पत्र दोन ओळींत संपवतात.

पत्रे कधी आणि कशी द्यायची, हेही मावशींना आधी विचारून ठरवावे. भात चुलीवर असताना तीस मुलांचा घोळका त्यांच्यापुढे उभा करणे बरे नाही. जेवणे उरकल्यानंतरची वेळ सोयीची असते. त्यांना वाचता येत असेल हे गृहीत धरू नये, आणि येत असले तरी प्रत्येक मुलाने आपले पत्र मोठ्याने वाचून मगच हाती द्यावे. त्यासाठी आदल्या दिवशी वर्गात एकदा वाचनाचा सराव घ्यावा. त्या दिवशी गैरहजर असलेल्या मुलांच्या पत्रांसाठी एक पाकीट बाजूला ठेवावे. पुढचे पत्र घरच्या व्यक्तीला लिहायचे असेल, तर त्याच्या आराखड्यात ‘त्यामुळे’ आणि ‘मला आठवते’ हे शब्द न छापता फक्त ओळी ठेवाव्यात, म्हणजे कोणत्या मुलांना रचना लक्षात राहिली आहे आणि कोणाला अजून शब्दांचा आधार लागतो, हे कळते.