या चुका टाळा: टँकरच्या नोंदी आणि ईआर आकृतीतील दोन सापळे

उन्हाळ्यातील टँकरने होणाऱ्या पाणीपुरवठ्याचा डेटाबेस आखायचा आहे, असे समजा. त्यासाठी आधी ईआर आकृती काढतात; तिच्यात ज्यांच्या नोंदी ठेवायच्या त्या गोष्टी, म्हणजे एंटिटी, आणि त्यांच्यातील संबंध दाखवतात. पहिल्या आकृतीत बहुधा तालुका मध्यभागी येतो. त्याच्यापासून एक ‘एकास अनेक’ संबंध टँकरकडे जातो आणि दुसरा गावाकडे. तालुक्याचे टँकर किती आणि गावे कोणती, ही दोन्ही उत्तरे बरोबर मिळत असल्यामुळे आकृती निर्दोष वाटते. मात्र अमुक गावाला कोणता टँकर जातो, असे विचारताच ती निरुत्तर होते. हाच फॅन ट्रॅप होय.

तो ओळखण्यासाठी आकृतीकडे पाहत बसण्यापेक्षा कागदावर प्रत्यक्ष नोंदी मांडाव्यात. पाटोदा तालुक्यात १०,००० आणि १२,००० लिटरचे दोन टँकर आणि तीन गावे आहेत, असे धरू. तालुक्याच्या आधारे दोन्ही तक्ते जोडले, तर प्रत्येक टँकर प्रत्येक गावासमोर येऊन सहा ओळी तयार होतात आणि २२,००० लिटरची एकूण क्षमता ६६,००० लिटर दिसते. अशा वेळी क्वेरीमध्ये, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नात, सारख्या ओळी वगळणारा DISTINCT घालून ओळी कमी करण्याचा मोह होतो. परंतु कोणता टँकर कोणत्या गावाचा, ही माहिती कधी साठवलेलीच नसल्यामुळे कोणतीही क्वेरी ती शोधून देऊ शकत नाही. अर्थात, टँकर आणि गाव यांच्यातील संबंध कोणालाही कधीच विचारायचा नसेल, तर एका एंटिटीपासून असे दोन संबंध निघण्यात काहीही चूक नाही.

यावरचा नेहमीचा उपाय म्हणजे एंटिटींची साखळी करणे: तालुक्याकडे टँकर आणि टँकरकडे गावे. एका गावाला एकच टँकर लागतो, असा नियम असेल तर फॅन ट्रॅप सुटतो, पण येथेच दुसरा सापळा तयार होतो. ज्या गावाची तहान अधिग्रहित विहिरीवर भागते, त्याला टँकरच नसतो. त्यामुळे ते कोणत्या तालुक्यातले, हे सांगणारा मार्ग मध्येच तुटतो. हा कॅझम ट्रॅप. जोडीची नोंद नसली तरी पहिल्या तक्त्यातील ओळ राखणारा LEFT JOIN गावापासून सुरू करून वापरल्यास गाव यादीत येते, परंतु तालुक्याच्या जागी NULL, म्हणजे रिकामी जागा, राहते. म्हणून साखळीतील प्रत्येक संबंधात कमीत कमी किती नोंदी जोडलेल्या असायलाच हव्यात, ही किमान संख्या तपासावी आणि जेथे ती शून्य आहे, तेथे पलीकडच्या एंटिटीपर्यंत पोहोचण्याचा दुसरा मार्ग आहे का, हे पाहावे.

येथे तालुका आणि गाव यांचा थेट संबंध परत आणावा लागतो, आणि टँकर व गाव यांचा संबंधही ठेवावा लागतो. अनावश्यक पुनरावृत्ती समजून नंतर कोणी हा थेट संबंध काढून टाकण्याची शक्यता असते, म्हणून त्याचे कारण आकृतीशेजारी लिहून ठेवणे बरे. शेजारच्या तालुक्याचा टँकर गावाला चालतो की नाही, हेही आताच ठरवावे. चालत नसेल, तर टँकरचा आणि गावाचा तालुका एकच असण्याची अट वेगळी घालावी लागते, कारण केवळ तीन रेषांनी ती पाळली जात नाही.