नकाशा न दाखवता नदी सांगायची कशी

मी बेळगावात मराठी व्हिडिओंच्या स्क्रिप्ट लिहितो आणि त्याच स्क्रिप्ट नंतर ऑडिओसाठी परत लिहायचं काम पण माझ्याकडेच असतं. आपले ऐकणारे कोण, तर हायवेवर निपाणी-कोल्हापूर करणारे ड्रायव्हर, उद्यमबागच्या फाउंड्रीतले कामगार, वडगाव-खासबागला मागावर बसलेली माणसं, घरात भाकरी करणाऱ्या बायका. यातलं कुणीच स्क्रीनकडे बघू शकत नाही. नवीन मुलं काय करतात, 'इथे बघा' तेवढं कापतात आणि बाकीचं तसंच वाचून टाकतात, पण खरी अडचण उरलेल्या वाक्यांतच असते.

मलप्रभा आणि महादयीवरची स्क्रिप्ट घ्या. व्हिडिओतलं वाक्य असं होतं: 'खानापूर तालुक्यात कणकुंबीजवळ उगम पावून पूर्वेकडे वाहत जाऊन कृष्णेला मिळणारी ही निळी रेषा आणि तिच्याजवळच उगम पावणारी ही हिरवी, ती मात्र पश्चिमेला जाते.' नकाशा समोर असेल तर कळतंय. नुसतं ऐकलं तर दोन्ही नद्या 'ती', आणि मलप्रभेचं नावच अजून आलेलं नाही. आमच्या आत्याला भाकरी थापताना हे ऐकवलं तर ती लगेच म्हणाली, "कुठल्या नदीचं सांगूलायस रे?"

मग ते असं लिहिलं:

'जांबोटीच्या रस्त्याने गोव्याला निघालात की चोर्ला घाटाच्या आधी कणकुंबी लागतं. मलप्रभा इथे उगम पावते. मलप्रभा गोव्याकडे जात नाही, ती उलटी फिरते, सौंदत्तीच्या बाजूला जाते आणि पुढे कूडलसंगमला कृष्णेला मिळते. आता दुसरी नदी, महादयी. महादयीचा उगम पण खानापूर तालुक्यातच. पण महादयी घाट उतरून गोव्यात जाते. गोव्यात तिला मांडवी म्हणतात.'

पूर्व-पश्चिम सांगण्याऐवजी ऐकणाऱ्याला माहीत असलेला रस्ता दिला, कारण गाडी चालवणाऱ्याच्या डोक्यात तो रस्ताच असतो. नाव परत परत घेतलं, वाचताना ते खटकेल पण ऐकताना नाही खटकत, कारण ओव्हरटेक करताना माणसाचं अख्खं वाक्य निसटतं आणि पुढच्या वाक्यात नुसतं 'ती' आलं की तो हरवलाच. आणि क्रियापद लवकर आणलं. आपल्या मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यात 'पावून', 'जाऊन', 'मिळणारी' अशी रांग लागली की ऐकणाऱ्याला सगळं डोक्यात धरून बसावं लागतं, म्हणून एक गोष्ट सांगायची, वाक्य संपवायचं, मग दुसरी.

आकड्यांना जरा जास्त वेळ द्या. त्याच स्क्रिप्टमध्ये महादयी लवादाच्या २०१८ च्या निवाड्याचा बार चार्ट होता: गोवा २४ टीएमसी, कर्नाटक १३.४२, महाराष्ट्र १.३३. तीन दांड्या दिसल्या की फरक लगेच कळतो, पण 'तेरा पॉइंट चार दोन' कानाने ऐकलं तर पुढचा आकडा येईपर्यंत विसरतंय. म्हणून आधी क्रम सांगितला, मग आकडे: 'सगळ्यात जास्त पाणी गोव्याला, चोवीस टीएमसी. कर्नाटकाला त्याच्या निम्म्यापेक्षा थोडं जास्त, म्हणजे साडेतेराला जरा कमी. महाराष्ट्राला अगदी थोडं, सव्वा टीएमसीच्या जरा वर.' सव्वा, साडे, निम्मं हे कानाला सवयीचं आहे, ते वापराच. मागाच्या खडखडाटात त्रेपन्न आणि त्रेसष्ट जवळजवळ सारखेच ऐकू येतात, तिथे 'पन्नासच्या जरा वर' चालत असेल तर तेच म्हणा, आणि नेमका आकडाच पाहिजे असेल तर दोनदा म्हणा, दुसऱ्यांदा एकेक अंक सुटा करून, 'त्रेसष्ट, सहा तीन'.

व्हिडिओत नकाशा फिरताना मागे नुसतं संगीत असतं, ते ऑडिओत तसंच ठेवू नका. सांगणारा बराच वेळ गप्प राहिला की ड्रायव्हरला वाटतं फोन बंद पडला, आणि हात फोनकडे जातो. गाडी चालवताना तो हात जाणं मला अजिबात नको असतं. हॉर्न, अँब्युलन्सचा सायरन, फोनची रिंग हे इफेक्ट पण काढून टाका, माणूस आरशात बघायला लागतो. 'खाली लिंक आहे' असल्या ओळी तर नकोच, नाव बोलून सांगा, घरी जाऊन शोधता येईल असं.

तपासायचं कसं, तर स्वतः हेडफोन लावून शांत खोलीत ऐकू नका, तिथे सगळंच कळतंय. काम करणाऱ्या माणसाला मोबाईलच्या स्पीकरवर ऐकवा, शेजारी मिक्सर चालू असेल तर अजून बरं. मग तीनच प्रश्न विचारा: नद्या कुठल्या, कुठली कुठे जाते, जास्त पाणी कुणाला. उत्तर चुकलं तर त्या माणसाला दोष देऊ नका, स्क्रिप्टमधली ती जागा शोधा. मधेच त्याने काम थांबवून कान दिला असेल तर ती जागा पण खूण करून ठेवा, तिथलं वाक्य लांब झालंय.

आणि काही गोष्टी ऑडिओत होतच नाहीत. गावागावाची यादी, तालुक्याप्रमाणे तक्ता, असलं काही असेल तर त्यातली दोन ओळखीची गावं घेऊन त्यांचीच गोष्ट सांगा, पूर्ण यादी व्हिडिओलाच राहू दे.