३८४ हव्या होत्या, १४० मिळाल्या

सार्वजनिक आरोग्यातल्या एमपीएच पदवीच्या प्रबंधासाठी आम्ही पुण्यातल्या एका वस्तीत १८ ते ४९ वयाच्या बायकांमधला रक्तक्षय मोजायला घेतला होता. घरोघरच्या यादीतून चिठ्ठ्या काढून ३८४ जणी निवडल्या. बोटाला सुई टोचू दिली ती १४० जणींनी. आज संशोधनपद्धतीच्या वर्गात मी हाच अभ्यास मुलांपुढे ठेवते.

३८४ हा आकडा तुम्हाला शेकडो प्रबंधांत भेटेल. प्रमाण ५० टक्के धरलं, अंदाज ५ टक्के इकडेतिकडे चालेल म्हटलं आणि ९५ टक्के खात्री मागितली की तो येतोच:

```
n = 1.96² × 0.5 × 0.5 / 0.05² = 384
```

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या साधारण ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता, त्यामुळे ५० धरणं गैर नव्हतं. पण निवडलेली प्रत्येक बाई भेटेल आणि हो म्हणेल, हे सूत्र गृहीत धरून चालतं. त्यावर सवयीने दहा टक्के वाढवतात. ते दहा कुठून आले, हे व्हायवाला विचारून बघा, सगळे गप्प.

१४० जणींवर हेच गणित उलटं केलं तर फरक ५ ऐवजी ८ टक्क्यांचा होतो. वर्गात कुणीतरी म्हणतंच, "मॅडम, मग फार बिघडलं नाही." इथेच फसगत होते. समजा १४० पैकी ७० जणींचं हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली आलं, म्हणजे ५० टक्के. उरलेल्या २४४ जणींबद्दल आपल्याला काहीच ठाऊक नाही. त्यांच्यात एकीलाही रक्तक्षय नसेल तर खरं प्रमाण १८ टक्के, सगळ्यांना असेल तर ८२. दोन्ही टोकं अशक्यच आहेत, पण ८ टक्क्यांत या २४४ जणींचा हिशेब कुठेच नाही, एवढं त्यातून कळतं. तो फरक फक्त चिठ्ठ्यांच्या योगायोगाचा.

तेव्हा प्रश्न किती कमी पडल्या हा नाही, कोण कमी पडल्या हा आहे. कॉलेजची गाडी दहाला निघायची आणि एकला परतायची. त्या वेळात वस्तीतल्या धुणंभांडी, पोळ्यांची कामं करणाऱ्या बायका जवळच्या सोसायट्यांमध्ये असतात. घरी सापडायच्या बाळंतिणी, नव्या सुना, कॉलेजला न गेलेल्या मुली. गरोदर आणि स्तनदा मातांना लोहाच्या गोळ्या मिळतात, कामावरच्या बाईला त्या कोण देतं? म्हणजे आमच्या नमुन्यात ज्या जास्त आल्या त्यांचं रक्तच वेगळं असू शकतं.

दुसरी गळती सहीपाशी. एक आजी सुनेला मागे सारून दारात उभ्या राहिल्या. "रक्त घे गं बाई, सही नाही द्यायची. मागं अशाच सह्या नेल्या आन् घराची मोजणी सुरू झाली." वस्तीत पुनर्वसनाची बोलणी चालू होती आणि बिल्डरची माणसंही कागद घेऊनच फिरत होती. आमचा दोन पानी संमतीचा कागद लांबून तसाच दिसायचा. साक्षीदारासमोर तोंडी संमती घेता येते, पण त्याला एथिक्स कमिटीची परवानगी लागते आणि ती प्रबंधाची मुदत पाहून येत नाही.

आकडा भरून काढायची सोपी वाट होतीच. आशाताई म्हणाल्या, "बालवाडीत शिबिर लावा, संध्याकाळपर्यंत दोनशे आणते." आणल्याही असत्या. पण आल्या असत्या त्या ज्यांना आधीच थकवा जाणवतोय किंवा ज्या त्यांच्या ओळखीच्या. बंद दाराऐवजी शेजारचं उघडं दार घेणंही तसंच: अकराला घरी असलेली बाई ही अकराला कामावर असलेल्या बाईच्या जागी कशी चालेल?

म्हणून माझ्या वर्गात सॅम्पल साइजच्या आधी तीसेक घरांची चाचणी फेरी असते. वहीत रकाने चारच: घर सापडलं का, बाई भेटली का, हो म्हणाली का, तपासणी झाली का. प्रत्येक 'नाही'पुढे कारण तिच्याच शब्दांत, आणि भेटीची वेळ. दहापैकी सहा भेटल्या आणि त्यांतल्या चार हो म्हणाल्या, तर ३८४ साठी यादीत ९६० नावं लागतील. मुलं लगेच यादी वाढवायला निघतात. थांबवावं लागतं, कारण यादी कितीही वाढवली तरी दुपारी बारालाच गेलात तर त्याच बायका सुटणार. आधी वेळ बदला. आमच्या वस्तीत संध्याकाळ कामाची नव्हती, तेव्हा पाणी यायचं. रविवारची दुपार त्यातल्या त्यात बरी होती, हे फार उशिरा कळलं.

अहवालात आम्ही 'वस्तीतील प्रमाण' हे शब्द शीर्षकातून काढले. यादीत सगळ्यांचं वय आणि काम नोंदलेलं होतं, म्हणून तपासलेल्या आणि सुटलेल्या बायकांचा तक्ता शेजारी शेजारी देता आला. पहिल्या तासाला मुलांना तोच देते, हिमोग्लोबिनचे आकडे झाकून, आणि विचारते: या १४० जणींवरून कुणाबद्दल बोलता येईल?